बोहारणीला जमतं ते अख्ख्या बाजाराला का जमत नाही? पैसा नेमकं काय काम करतो?

दुपारची वेळ. दारात बोहारीण बसलेली. टोपलीत स्टीलची पातेली, डबे, चाळण्या. आई आतून दोन जुन्या साड्या आणि बाबांची एक पॅन्ट घेऊन येते आणि एका पातेल्यावर बोट ठेवते. बोहारीण साडी उलगडून बघते, पॅन्टचा गुडघा तपासते आणि म्हणते, "एवढ्यात नाही बसत ताई, अजून दोन शर्ट टाका." बरीच घासाघीस होते. शेवटी पातेलं घरात येतं आणि कपडे गाठोड्यात जातात. या सगळ्यात एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नसतो.

वस्तू देऊन वस्तू घ्यायच्या या पद्धतीला अर्थशास्त्रात म्हणतात वस्तुविनिमय. शाळेच्या पुस्तकात एक ओळ असायची, 'वस्तुविनिमयात अडचणी आल्या म्हणून पैशाचा शोध लागला.' आपण ती पाठ केली आणि दोन मार्क घेतले. पण बोहारणीचं तर बरं चाललेलं दिसतं. मग अडचण नेमकी कुठे येते?

आधी बोहारणीचाच हिशोब बघू

बोहारीण तुमची साडी स्वतः नेसायला नेत नाही. ती गाठोडं घेऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात जाते आणि तिथे ते रोख पैशात विकते. त्या पैशातून नवी भांडी आणते, घरभाडं देते, मुलांची फी भरते. म्हणजे तुमच्या दारातला सौदा बिनपैशाचा असला तरी तिच्या धंद्याची दोन्ही टोकं पैशालाच बांधलेली असतात.

आता कल्पना करा की त्या बाजारातही पैसा नाही. तिला संध्याकाळी कांदे हवेत. मग तिला असा माणूस शोधावा लागेल ज्याच्याकडे कांदे आहेत आणि ज्याला आजच्या आज चौतीस कमरेची जुनी पॅन्ट हवी आहे. कांदेवाल्याला पॅन्ट नको असेल तर खेळ खलास.

एका माणसाकडे जे आहे ते दुसऱ्याला हवं असणं आणि दुसऱ्याकडे जे आहे ते पहिल्याला हवं असणं, या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी जुळून याव्या लागतात. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७५ च्या आपल्या पुस्तकात या अडचणीची मांडणी केली. आपल्याकडच्या पुस्तकांत तिला 'गरजांचा दुहेरी संयोग' म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट बोहारीण आणि कांदेवाल्याचीच.

आता प्रश्न असा की पैसाच नसेल तर माणसं काय करतात? याचं उत्तर देणारी एक खरी घटना आहे. तिथे शेकडो माणसांना शून्यापासून बाजार उभा करावा लागला, आणि त्यांच्यातच एक अर्थशास्त्र शिकलेला माणूस होता, ज्याने सगळं बघून लिहून ठेवलं.

युद्धकैद्यांच्या छावणीत भरलेला बाजार

दुसरं महायुद्ध सुरू होतं. रिचर्ड रॅडफर्ड हा ब्रिटिश अधिकारी शत्रूच्या हाती सापडला. आधी इटलीतली छावणी आणि मग जर्मनीतली, असा त्याचा प्रवास झाला. सुटका झाल्यावर त्याने 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात या छावण्यांतल्या आर्थिक व्यवहारांवर लेख लिहिला. तो १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये छापून आला आणि आजही जगभर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचायला सांगतात.

छावणीत कैद्यांना रेड क्रॉसकडून खोकी मिळायची. त्यात डबाबंद दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, मांसाचे डबे, चॉकलेट, साखर असे जिन्नस असायचे आणि सोबत सिगारेटी. वाटप साधारण सगळ्यांना सारखं. पण आवडीनिवडी काही सारख्या नव्हत्या.

सुरुवात अगदी साध्या अदलाबदलीने झाली. सिगारेट न ओढणारा आपल्या वाट्याच्या सिगारेटी मित्राला द्यायचा आणि त्याचं चॉकलेट घ्यायचा. इथे दुहेरी संयोग आपोआप जुळलेला होता, म्हणून सौदा एका मिनिटात व्हायचा.

पण समजा, तुमच्याकडे जॅम आहे आणि तुम्हाला लोणी हवंय. लोणीवाल्याला जॅम नकोय, त्याला चहा हवाय. चहावाला शोधला तर त्याला मांसाचा डबा हवाय. आता तुम्ही आधी जॅम देऊन मांसाचा डबा मिळवायचा, तो देऊन चहा घ्यायचा आणि चहा देऊन लोणी. एका लोण्यासाठी तीन सौदे. त्यातला मधला एक फिसकटला की नको असलेला मांसाचा डबा घेऊन तुम्ही बसलात.

दुसरी अडचण: भाव कशात सांगायचा?

माणसं शोधण्याचा त्रास पटकन लक्षात येतो. दुसरी अडचण मात्र हिशोबाची आहे.

खोक्यात १० जिन्नस आहेत असं धरू. पैसा नसेल तर प्रत्येक जिन्नसाचा भाव बाकीच्या नऊ जिन्नसांत सांगावा लागतो. एक डबा जॅम म्हणजे किती लोणी, किती साखर, किती बिस्किटं? जोड्या मोजल्या तर १० जिन्नसांचे ४५ वेगवेगळे दर होतात. जिन्नस १०० झाले की दर ४,९५०. एखाद्या साध्या किराणा दुकानातसुद्धा शंभराहून जास्त वस्तू असतात. एवढे दर दुकानदाराने लक्षात कसे ठेवायचे आणि गिऱ्हाइकाने पडताळून कसे बघायचे?

दर कुणालाच नीट माहीत नसले की काय होतं, याचा छावणीत एक भन्नाट किस्सा होता. एक पाद्री चीजचा एक डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीत फेरफटका मारायला निघाला. इथे हे दे, तिथे ते घे, असं करत परत आला तेव्हा त्याच्याकडे मूळचं चीज होतं, पाचही सिगारेटी होत्या आणि वर रेड क्रॉसचं एक आख्खं खोकं होतं! त्याने कुणाला लुबाडलं असं नाही. एका कोपऱ्यात चॉकलेट स्वस्त आणि दुसऱ्या कोपऱ्यात महाग होतं, आणि ते कोपऱ्यातल्यांना माहीतच नव्हतं.

छावणीत शीख सैनिकही कैदेत होते. त्यांच्या भागात मांसाच्या डब्यांना मागणी कमी आणि लोणी-जॅमला जास्त. उर्दू येणाऱ्या एका कैद्याने ही संधी हेरली. तो त्यांच्याकडून मांस घ्यायचा आणि त्यांना लोणी-जॅम द्यायचा. हळूहळू इतरही या धंद्यात उतरले आणि दोन्हीकडचे भाव जवळ आले. हा माणूस म्हणजे छावणीतली बोहारीणच की. ज्यांची गाठ पडणं अवघड, त्यांच्यामध्ये तो उभा राहिला आणि त्याचा मोबदला त्याने घेतला.

आणि मग सिगारेट पैसा झाली

महिनाभरातच एक गोष्ट घडली. कुणी हुकूम काढला नाही, कुणी बैठक घेतली नाही. पण सगळे भाव सिगारेटींत सांगितले जाऊ लागले. जॅमचा भाव साखरेत सांगणं बंद झालं. लोक बराकीबराकींतून "चीज, सातला!" असं ओरडत फिरायचे. सातला म्हणजे सात सिगारेटींना. पुढे या आरडाओरड्याला कंटाळून प्रत्येक बराकीत एक फळा लागला. त्यावर नाव, खोली नंबर, काय हवंय आणि काय द्यायचंय हे लिहायचं आणि सौदा झाला की ओळ खोडायची.

पैशाची कामं म्हणून पुस्तकात जी चार नावं येतात, ती या फळ्यावर चालताना दिसतात.

पहिलं काम, विनिमयाचं माध्यम. आता लोणी हवं असलेल्याने चहावाला आणि मांसवाला शोधायची गरज उरली नाही. जॅम सिगारेटींना विकायचा आणि त्या सिगारेटींनी लोणी घ्यायचं. विशेष म्हणजे सिगारेट न ओढणारेही ती घेत होते. ती ओढायची नव्हती, पुढच्याला द्यायची होती. 'मला नको, पण उद्या दुसरा कुणीतरी घेईल' या भरवशावर एखादी वस्तू घेतली जाते, तेव्हाच ती पैसा होते.

दुसरं काम, मूल्यमापनाचं साधन. आपल्या १० जिन्नसांचे ४५ दर आठवतात? सिगारेट मध्ये आली आणि दर उरले फक्त १०, प्रत्येक जिन्नसाचा एक. शंभर जिन्नस असते तर ४,९५० ऐवजी १००. चीज सात आणि दुसरा डबा चौदा असं कळलं की दोन्हींची तुलना पोराटोरांनाही जमते. पाद्रीबाबांची फेरी दुसऱ्यांदा जमणं अवघड झालं ते यामुळे.

तिसरं काम, मूल्य साठवण्याचं साधन. पाव दोन दिवसांत शिळा होतो, सिगारेट पाकिटात टिकते. आज विकलेल्या जॅमची किंमत तुम्ही पुढच्या आठवड्यापर्यंत उशाखाली ठेवू शकता. म्हणजे विकणं आणि विकत घेणं एकाच दिवशी करायची सक्ती संपली.

चौथं काम, विलंबित देणी देण्याचं साधन, म्हणजे साध्या भाषेत उधारी. काकवीसारख्या गोड पाकाचा एक वाटा फळ्यावर असाही लिहिलेला असायचा: आत्ता दिल्या तर चार सिगारेटी, पुढच्या आठवड्यात दिल्या तर पाच. ती वरची एक सिगारेट म्हणजे व्याज. वस्तुविनिमयात उधारी करायची तर 'पुढच्या आठवड्यात तुला पाव देईन' असं सांगावं लागतं. मग तो पाव केवढा, ताजा की शिळा, आणि तेव्हा त्याला पाव हवा असेल का, यावर भांडण ठरलेलं. सिगारेट ही सिगारेटच असते, त्यामुळे पाच म्हणजे पाच.

एका कैद्याने तर वेळेचाच धंदा केला. पाव ठरावीक दिवशी वाटला जायचा आणि पुढचं वाटप येईपर्यंत लोकांचा संपलेला असायचा. हा पठ्ठ्या आपला एक वाटा राखून ठेवायचा आणि रविवारी रात्री विकायला काढायचा. फळ्यावर बाकीचे 'सोमवारी पाव देतो' असं लिहायचे, याचं मात्र 'पाव आत्ता'. त्याला भाव जास्त मिळायचा आणि रविवारी रात्री त्याला ओढायला सिगारेट हमखास असायची.

मग गडबड कुठे झाली?

सिगारेट चांगला पैसा का ठरली, हे बघितलं की ती कुठे फसली हेही कळतं. ती आकाराने लहान होती, बऱ्यापैकी टिकायची, सुट्टी देता यायची, पाकिटाने मोठा सौदाही व्हायचा आणि एक सिगारेट दुसरीसारखीच असायची. बोहारीण पातेलं कापून अर्धं देऊ शकत नाही, इथे ती अडचण नव्हती.

पहिली गडबड याच 'सारखेपणात' झाली. काही ब्रँड ओढायला चांगले होते, पण खरेदी करताना कुठलीही सिगारेट एकच धरली जायची. मग शहाणा माणूस काय करेल? चांगली ओढेल आणि फालतू बाजारात देईल. झालंही तसंच. चांगले ब्रँड व्यवहारात दिसेनासे झाले. याला अर्थशास्त्रात ग्रेशमचा नियम म्हणतात: दोघांची किंमत एकच धरली तर वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलतो. हातातल्या नोटांमधून आपण फाटकी नोट आधी खपवतो, ती याच न्यायाने.

पुढे तर कमाल झाली. रेड क्रॉस कधीकधी सिगारेटींऐवजी पाइपची तंबाखू द्यायची. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम तंबाखू, ही २५ सिगारेटींच्या बरोबरीची धरलेली. पण हाताने वळायला घेतल्या तर एका औंसात ३० व्हायच्या. म्हणजे बसल्या जागी पाच सिगारेटींचा नफा. मग लोकांनी कारखान्यात बनलेल्या सिगारेटीही फोडल्या आणि त्यातली तंबाखू पुन्हा वळली. खरी सिगारेट बाजारातून जवळपास गायब झाली.

पण हाताने वळलेली प्रत्येक सिगारेट वेगळी. आता घेणारा एकेक चाचपून बघायचा, बारीक असेल तर परत करायचा किंवा वर अजून मागायचा. 'चीज सातला' या वाक्याला अर्थच उरला नाही, कारण सात कसल्या, हा प्रश्न पुन्हा आला. म्हणजे माप बिघडलं आणि साडीची जर तपासणारी बोहारीण परत दारात आली.

दुसरी गडबड पुरवठ्याची. हा पैसा जळणारा होता. रेड क्रॉसकडून माणशी आठवड्याला २५ किंवा ५० सिगारेटी नियमित येत होत्या तोवर ठीक. मोठा साठा एकदम आला की सगळ्यांच्या हातात सिगारेटी, आणि सगळ्या वस्तूंचे भाव चढायचे. ही झाली महागाई. वाटप थांबलं की लोक साठा ओढून संपवायचे, मग भाव पडायचे, सौदे कमी व्हायचे आणि माणसं पुन्हा जॅम देऊन लोणी शोधत फिरायची. खोक्यातलं जेवण तेवढंच असलं तरी पैसा आटल्यामुळे बाजार बसायचा.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य छावणीत पोचलं, सगळं भरपूर मिळू लागलं आणि हा बाजार संपला.

मग पूर्वी गावात वस्तुविनिमयच होता ना?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'आधी सगळीकडे वस्तुविनिमय होता, मग अडचणी आल्या आणि मग पैसा आला' ही गोष्ट तर्काला पटते, पण इतिहास म्हणून ती जशीच्या तशी धरता येत नाही. सगळा व्यवहार रोजच्या रोज अदलाबदलीने करणारा समाज मानववंशशास्त्रज्ञांना शोधूनही सापडलेला नाही. छावणीतल्या माणसांनाही पैसा काय असतो हे आधीच ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी तो इतक्या झटपट उभा केला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आजोबा सांगतात, 'आमच्या वेळी सुताराला, लोहाराला पैसे नाही द्यायचो, धान्य द्यायचो.' बरोबर आहे, पण ती अदलाबदल नव्हती. लोहार वर्षभर नांगराचा फाळ शेवटून द्यायचा, सुतार औतं दुरुस्त करायचा, न्हावी घरातल्या सगळ्यांची डोकी करायचा. प्रत्येक वेळी 'एका हजामतीचे किती दाणे' अशी घासाघीस होत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर प्रत्येकाला ठरलेला वाटा, म्हणजे बलुतं, मिळायचं.

म्हणजे ही होती वर्षभराची उधारी. दुहेरी संयोगाची अडचण इथे ओळखीने आणि रिवाजाने सोडवलेली होती. पण त्याची किंमतही होती. कुणी कुठलं काम करायचं हे जातीने ठरलेलं, वाटा रिवाजाने ठरलेला, आणि काम सोडून दुसऱ्या गावी जायचं तर तुमचा हक्क तिथे चालत नसे. शिवाय ही पद्धत ओळखीच्या माणसांतच चालते. गावात येणाऱ्या परक्या व्यापाऱ्याकडून मीठ घ्यायचं तर तो पुढच्या सुगीपर्यंत का थांबेल? शिवराईसारखी तांब्याची नाणी याच जोडीने चलनात होती, ती उगाच नाही. अनोळखी माणसाशी एकदाच व्यवहार करून दोघांनी आपापल्या वाटेने जावं, ही सोय पैसा देतो.

एखादी गोष्ट पैसा आहे का, हे कसं ओळखायचं?

आता तुम्ही स्वतः तपासू शकता. किराणा दुकानात एक-दोन रुपये सुट्टे नसले की दुकानदार काउंटरवरच्या बरणीतलं चॉकलेट हातावर टेकवतो. म्हणजे चॉकलेट पैसा झालं का? तशीच वीस चॉकलेटं साठवा आणि पुढच्या वेळी त्याला म्हणा, "घ्या काका, हे तुमचे वीस रुपये." ते काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. जे द्यायला चालतं पण परत घ्यायला चालत नाही, ते विनिमयाचं माध्यम नाही.

सोनं घ्या. मूल्य साठवायला आजीचा त्याच्यावर बँकेपेक्षा जास्त विश्वास. पण दुकानात तांदळाचा भाव कुणी ग्रॅम सोन्यात लिहीत नाही आणि अंगठी देऊन रिक्षाचं भाडं चुकवता येत नाही. म्हणजे चारपैकी एक काम उत्तम, बाकीच्यांसाठी आधी सोनाराकडे जाऊन रुपये करून आणावे लागतात.

रुपया ही चारही कामं करतो, म्हणून तो पैसा. त्याच्या नोटेचा कागद ओढताही येत नाही आणि खाताही येत नाही, आणि ते बरंच आहे. सिगारेटीसारखा तो कुणी जाळून संपवत नाही. पण तो किती असावा हे कुणालातरी सांभाळावं लागतं, नाहीतर छावणीतली भाववाढ आणि मंदी आपल्याकडेही येते. आपल्याकडे ते काम रिझर्व्ह बँकेचं.

पुढच्या वेळी बोहारीण दारात आली की घासाघीस जरूर करा. फक्त एवढं लक्षात असू द्या की तिला तुमची साडी नकोय, साडीचे पुढे होणारे पैसे हवेत. ते होणार आहेत, म्हणूनच ती तुमच्या दारात बसली आहे.